पिल्लू चावतंय? या चुका टाळा

कुत्र्याचं पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं झालं की दुधाचे 28 दात पडायला लागतात. आधी पुढचे लहान दात जातात, सुळे आणि दाढा नंतर. सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि पिल्लू हात, पाय, ओढणी, खुर्चीचा पाय, जे सापडेल ते चावतं. दुधाचे दात सुईसारखे टोकदार असल्यामुळे हलका चावाही झोंबतो.

चावणं एका दिवसात बंद करायला जाऊ नका. आधी चाव्याचा जोर कमी करायचा, मग चावण्याची वेळच कमी येऊ द्यायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या पिल्लाला जबड्याचा जोर आवरता येतो, ते मोठं झाल्यावर एखाद्या दिवशी दुखलं किंवा घाबरलं, तरी इजा कमी करण्याची शक्यता जास्त. हा धडा ते आई आणि भावंडांकडून गिरवायला लागतं. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं बऱ्याचदा जास्त जोरात चावतात.

सगळ्यात महागात पडते ती मारझोड. तोंड आवळून धरणं, नाकावर टिचकी मारणं, उलथं पाडून दाबून ठेवणं हे सल्ले अजूनही सर्रास दिले जातात. कृपा करून ऐकू नका. पिल्लाला त्यातून एवढंच समजतं की माणसाचा हात तोंडाजवळ आला की त्रास होतो. मग कान साफ करताना, गोळी देताना, पट्टा घालताना ते आधीच दात दाखवतं. गुरगुरण्यावर ओरडलात तर ते गुरगुरणं सोडून देईल, पण भीती तशीच राहील आणि पुढचा चावा न सांगता येईल.

दुसरी चूक जवळपास सगळ्यांकडून होते: चावलं की हात झटकन ओढून घेणं. पळणारी वस्तू पकडायची हे पिल्लाच्या रक्तातच आहे, त्यामुळे हात ओढला की खेळ रंगतो आणि कातडीही जास्त सोलवटते. मोठ्याने किंचाळल्यावर काही पिल्लं थबकतात, पण बरीच आणखी चेकाळतात. तुमचं पिल्लू चेकाळत असेल तर किंचाळणं सोडाच.

त्याऐवजी हात ढिला सोडून स्थिर ठेवा. पकड सुटली की शांतपणे उठा आणि दाराच्या किंवा जाळीच्या पलीकडे जा. पंधरा-वीस सेकंद पुरे. नंतर परत येऊन खेळ सुरू करा, पण या वेळी हातात दोरीचं लांब खेळणं असू द्या. सुरुवातीला फक्त दुखेल असा चावा झाला तरच उठायचं. जोर कमी झाला की मध्यम चाव्यालाही उठायचं, आणि शेवटी दात टेकले तरी. घरातल्या सगळ्यांनी हेच करायला हवं. दादा हाताने मस्ती करतो आणि आई उठून जाते, असं चाललं तर पिल्लाला काहीच कळणार नाही.

एका फ्लॅटमधलं उदाहरण घ्या. चार महिन्यांचं लॅब्रॅडॉर दिवसभर ठीक असतं, पण संध्याकाळी सात वाजता मुलं घरी आली की घोट्यांना लटकतं. खेळणं दिलं तरी सोडतं, डोळे लाल, नुसती धावाधाव. घरच्यांना वाटतं याला अजून दमवायला हवं. खरं तर ते आधीच दमलेलं असतं. या वयात पिल्लं दिवसातले अठरा तासांच्या आसपास झोपतात, आणि माणसांच्या येण्याजाण्यात दुपारची झोप मोडलेली असते. अशा वेळी साडेपाच-सहाला शांत, अंधाऱ्या खोलीत झोपू द्या आणि मुलं आल्यावर पहिली दहा मिनिटं चघळायला काहीतरी द्या. बहुतेक वेळा फरक तिथेच दिसतो.

चघळायला काय द्यावं? पाण्यात भिजवून, पिळून फ्रीजरमध्ये गोठवलेलं जाड फडकं उत्तम. थंडाव्याने हिरड्यांना आराम पडतो. फक्त त्याचे तुकडे गिळत नाही ना, यावर लक्ष ठेवा. हाडं आणि शिंगं टाळा. नखाने दाबून खूण उमटत नसेल तर ती वस्तू दातांना जड आहे. जुनी चप्पलही देऊ नका, जुनी आणि नवी चप्पल त्याला वेगळी कळत नाही.

पक्का सुळा वर आला आणि शेजारी दुधाचा सुळा तसाच असेल तर पशुवैद्याला दाखवा, तो काढावा लागू शकतो. अंग ताठ करून, एकटक बघत, खाण्याच्या भांड्याजवळ चावत असेल तर ते दातांचं दुखणं नव्हे. त्यासाठी वेगळी मदत घ्या.

खेळताना जरी रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतरच मिळते, त्यामुळे 'घरचंच आहे' म्हणून थांबू नका.