इन्स्टंट की स्टोरेज? गीझर घेण्याआधी बादल्या मोजा

गीझर घ्यायला निघालेल्या बहुतेकांच्या मनात एक गोष्ट पक्की असते: इन्स्टंट वीज कमी खातो, स्टोरेज जास्त खातो. हे अर्धंच खरं आहे. एक बादली पाणी तापवायला दोन्ही गीझरना जवळपास सारखीच वीज लागते, कारण पाण्याला लागणारी उष्णता गीझर बघून बदलत नाही. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. एक, टाकीत तापून पडून राहिलेलं पाणी. दोन, सकाळी एका पाठोपाठ किती बादल्या लागतात आणि त्या किती वेळात. दुकानात जायच्या आधी घरी बसून हा हिशेब केला, तर कुठला गीझर घ्यायचा हे स्वतःलाच कळतं.

आधी घरचं पाणी मोजा

आंघोळीची बादली किती लिटरची आहे ते लिटरच्या बाटलीने भरून बघा. वीस लिटरची म्हणून घेतलेली बादलीसुद्धा आपण काठोकाठ भरत नाही, त्यामुळे १८ लिटर धरायला हरकत नाही. मग थंडीतल्या एखाद्या सकाळी नळाचं पाणी किती गार आहे ते थर्मामीटरने बघा. (ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, तो इतक्या खाली उतरत नाही.) गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी नाशिक-पुण्याकडे थंडीत १८ अंशांच्या आसपास मिळतं, मुंबई-कोकणात २५ च्या जवळ. विसण घालून अंगावर घेण्याजोगं पाणी ४० अंशांचं असतं.

आता एकच सूत्र लक्षात ठेवायचं. एका युनिट विजेत ८६० लिटर पाणी एक अंशाने तापतं. म्हणून:

लिटर × वाढवायचे अंश ÷ ८६० = युनिट

नाशिकची बादली घ्या. १८ लिटर, १८ वरून ४० म्हणजे २२ अंश वाढ. १८ × २२ = ३९६, त्याला ८६० ने भागलं की साधारण ०.४६ युनिट. मुंबईत वाढ फक्त १५ अंशांची, म्हणून तीच बादली ०.३१ युनिटात होते. इन्स्टंट असो वा स्टोरेज, आकडा हाच.

मग वेळ काढा

घरगुती इन्स्टंट बहुधा ३ किलोवॅटचा असतो आणि त्याच्या पोटात ३ लिटर पाणी मावतं. स्टोरेज साधारण २ किलोवॅटचा, टाकी १०, १५ किंवा २५ लिटरची. ३ किलोवॅटचा गीझर मिनिटाला ४३ लिटर-अंश इतकं तापवतो. म्हणजे नाशिकच्या थंडीत ३९६ ÷ ४३, एका बादलीला ९ मिनिटं. तोही नळ बारीक धारेवर ठेवला तर. धार मोठी केली की पाणी कोमट येतं आणि माणूस गीझर बिघडला म्हणून तक्रार करतो. बिघडलेला काही नसतो, मिनिटाला जेमतेम दोन लिटर गरम पाणी द्यायची त्याची ताकद असते. याच कारणाने इन्स्टंटवर शॉवरखाली उभं राहून आंघोळ थंड गावात होत नाही. शॉवरला मिनिटाला सहा-सात लिटर तरी लागतात. मुंबईत मात्र बादली सहा-सात मिनिटांत भरते, आणि दोन माणसांच्या घरात तेवढं कुणाला खुपत नाही.

इथे व्होल्टेजचं एक लचांड आहे. गावाकडे सकाळी व्होल्टेज २०० वर आलं, तर ३ किलोवॅटचा गीझर प्रत्यक्षात सव्वादोन किलोवॅटचाच उरतो, कारण व्होल्टेज थोडं उतरलं तरी ताकद त्याच्या वर्गाने उतरते. नऊ मिनिटांची बादली बारा मिनिटांवर जाते. तुमच्याकडे पहाटे दिवे मंद होत असतील तर इन्स्टंट घेताना हे धरून चाला. स्टोरेजलाही वेळ जास्तच लागतो, पण तो आधी लावून ठेवता येतो.

एक घर पूर्ण मोजून बघू

नाशिकमधलं चौघांचं कुटुंब, एक न्हाणीघर, बादलीने आंघोळ, सगळं सकाळी सहा ते सव्वासातच्या आत. चार बादल्या म्हणजे १.८४ युनिट. युनिटचा दर सगळे आकार धरून १२ रुपये मानला, तर दिवसाला २२ रुपये आणि महिन्याला ६६० च्या घरात. तुमचा खरा दर बिलावर बघा, तो टप्प्यानुसार बदलतो.

इन्स्टंट लावला तर चार बादल्या भरायलाच ३७ मिनिटं. एकाने दहा मिनिटं आंघोळ करायची आणि मग पुढची बादली लावायची, असं चाललं तर सव्वा तास सहज जातो आणि शेवटचा माणूस शाळेची बस चुकवतो. दोन बादल्या ठेवून एक भरत असताना दुसरी वापरली तर निभतं.

२५ लिटरचा स्टोरेज १८ वरून ६० अंशांपर्यंत जायला ३७ मिनिटं घेतो. त्या ६० अंशांच्या पाण्यात विसण घातलं की कागदावर ४८ लिटर होतं. पण खालून गार पाणी शिरत असल्याने शेवटचा भाग कोमट निघतो, म्हणून हाती ४२ लिटर धरा. म्हणजे लागोपाठ दोन बादल्या, बादली भरायला दोन-तीन मिनिटं. गीझर चालूच असल्याने तो दर मिनिटाला आणखी सव्वा लिटरभर तयार करत राहतो, त्यामुळे तिसरी आणि चौथीही अडत नाही.

१५ लिटरची टाकी २२ मिनिटांत तापते आणि सुरुवातीला २५ लिटर देते, म्हणजे एक बादली आणि वर थोडं. पुढच्या प्रत्येक बादलीसाठी दहा-बारा मिनिटं थांबायला लागतं. पण नीट बघा: एकाची आंघोळ तेवढ्यात होतेच. भरायला तीन आणि आंघोळीला दहा अशा चालीने १५ लिटरचा गीझर या चौघांना पुरतो, अगदी काठावर. म्हणून चौघांच्या घराला २५ लिटरच हवा हा दुकानदाराचा ठोकताळा बादलीच्या घरांना मी मानत नाही. शॉवर असेल, केस धुवायचे असतील, दोघं एकाच वेळी निघणारे असतील किंवा पाहुण्यांचा राबता असेल, तर मात्र २५ घ्या.

पैशांचा हिशेब

बाजारात ३ लिटरचा इन्स्टंट साधारण तीन ते चार हजारांत, १५ लिटरचा स्टोरेज सात ते नऊ हजारांत आणि २५ चा त्याहून दीड-दोन हजारांनी वर, असं धरून चाला. म्हणजे खरेदीत चार-पाच हजारांचा फरक.

वाया जाणारी वीज किती, ते स्टोरेजच्या स्टार लेबलवर वाचता येतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या त्या लेबलवर स्टँडिंग लॉस असा आकडा असतो: पाणी आणि बाहेरची हवा यांत ४५ अंशांचा फरक असताना २४ तासांत टाकी नुसती गरम ठेवायला किती युनिट लागतात. समजा तो ०.४ आहे. गीझर चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाला पावणेपाच रुपयांच्या आसपास, महिन्याला सव्वाशे ते दीडशे रुपये गेले. आंघोळी उरकल्यावर बटण बंद केलं तर यापेक्षा कमी जातात, आणि शेवटच्या माणसाची बादली भरली की लगेच बंद केलं तर टाकीत तापलेलं पाणी फारसं उरतच नाही, नुकसान दिवसाला रुपया-दोन रुपयांवर येतं. स्टोरेज महाग पडतो तो या बटणाच्या सवयीमुळे. घरात बटण बंद करणारं कुणी नसेल तर टायमर लावून घ्या.

शुद्ध पैशांत इन्स्टंटच स्वस्त, यात शंका नाही. स्टोरेजवर जास्तीचे चार-पाच हजार देता ते सकाळच्या वेळेसाठी. बिलाकडे बघताना टप्प्याचंही भान ठेवा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर दर एकदम चढतो. चौघांच्या आंघोळीची महिन्याची ५५ युनिटं तुम्हाला त्या रेषेपलीकडे नेत असतील, तर तो खर्च कुठल्याही गीझरने होणारच आहे, त्याचं खापर स्टोरेजवर फोडू नका.

वायरिंग आणि दाब

३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचं मोठ्या पिनांचं सॉकेट, स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग लागतं. २ किलोवॅटच्या स्टोरेजलाही मोठंच सॉकेट लागतं, लहान पिनांवर तो लावू नये. गीझर दहा मिनिटं चालवून बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगला हात लावून बघा. प्लग चांगलाच तापला असेल, सॉकेटची कड पिवळट झाली असेल किंवा जळका वास येत असेल, तर जोडणी ढिली आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या घरात दोन न्हाणीघरांत दोन इन्स्टंट एकदम लावले की २६ अँपिअर खेचले जातात आणि मुख्य एमसीबी पडतो. अशा घरात दोन स्टोरेज बरे, एक आधी तापवून घेता येतो.

बहुमजली इमारतीत राहत असाल तर गीझरच्या पाटीवर लिहिलेला दाब वाचा. गच्चीवरची टाकी दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब देते. खालच्या मजल्यांवर तो वाढतो, आणि प्रेशर पंप असेल तर आणखी. स्टोरेज बहुधा ८ बारचे मिळतात, इन्स्टंट बऱ्याचदा ६.५ चे. तुमच्या मजल्यावरचा दाब आणि पाटीवरचा आकडा यांत भरपूर अंतर असू द्या.

बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागतो, आतून कडकड असा आवाजही येतो. स्टोरेजच्या टाकीत गंज थांबवायला मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. टाकीऐवजी ती झिजावी म्हणूनच ती असते, आणि जड पाण्यात ती लवकर संपते. घेतानाच ही कांडी सुटी मिळते का आणि बदलायला किती घेतात ते विचारा. वर्षाने एकदा उघडून बघायला सांगा. कांडीची नुसती तार उरली असेल तर ती तेव्हाच बदलून घ्या, टाकी गळायला लागल्यावर कांडी बदलून काही होत नाही.