चौघांचा आठवडी कामांचा तक्ता

कामांची संख्या नको, मिनिटं मोजा. रोजची भांडी 40 मिनिटं, झाडू-पोछा 40, भाजी चिरणं आणि कणीक 40. पाणी भरणं 15, घंटागाडीत कचरा 5, कपडे वाळत घालून घड्या 20, हा चौथा गठ्ठा. दर सोमवारी नावं एक घर खाली सरकवा.

चौघांत नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीत जाणारा कुणी असेल, तर पहिल्या पाळीत त्याची घंटागाडी हमखास चुकते. मग 'तेवढा कचरा तू टाक' होतं आणि ती 5 मिनिटं कुणाच्याच हिशेबात राहत नाहीत. त्या आठवड्यात अख्खा गठ्ठाच बदलून घ्या, पण पेन्सिलीने लिहा. पुढच्या सोमवारी मूळ शाईतली नावंच सरकवा, नाहीतर मूळ क्रमच बदलून जातो.