अमोनियम सल्फेटचे कट घेताय? आधी या चुका टाळा

अर्कात अमोनियम सल्फेट हे सॉल्ट टप्प्याटप्प्याने विरघळवून प्रोटीनं खाली बसवायची, यातला एकेक टप्पा म्हणजे कट. दर उन्हाळ्यात प्रोजेक्टची नवी पोरं येतात आणि तोच घोळ घालतात. सगळ्यात जास्त घोळ सॉल्ट किती घालायचं, या हिशेबात होतो, म्हणून आधी त्याबद्दल.

साठ टक्के सॅच्युरेशन म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये साठ ग्रॅम नव्हे. सॉल्ट पूर्ण विरघळायच्या मर्यादेच्या साठ टक्के, असा त्याचा अर्थ. शंभर मिलिलिटरमध्ये साठ ग्रॅम टाकलंत तर तुम्ही जवळपास ८४ टक्क्यांवर पोचता. सॉल्ट विरघळताना द्रावणाचं आकारमानही वाढतं, त्यामुळे साधं त्रैराशिक चालत नाही. २० अंश सेल्सिअसला एका लिटरसाठी सूत्र असं:

```
ग्रॅम = ५३३ × (नंतरचे % − आधीचे %) ÷ (१०० − ०.३ × नंतरचे %)
```

यातलं 'आधीचे %' पोरं विसरतात. आमच्याकडे कोल्हापुरात उसाच्या रसातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज काढायचे प्रोजेक्ट बरेच होतात. रस काळा पडतो तो याच एन्झाइममुळे, आणि गुळाच्या गावात तो विषय निघणारच. एका मुलीने २०० मिलि अर्क घेतला, ३० टक्क्यांसाठी ३५ ग्रॅम सॉल्ट घातलं, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी मोजलं तर ते २१० मिलि भरलं. इथवर सगळं बरोबर. आता ३० वरून ६० ला जायचं, तर लिटरला १९५ ग्रॅम, म्हणजे ४१ ग्रॅम पुरे. तिने सॉल्टच्या छापील तक्त्यातली शून्यावरून साठची ओळ धरली, लिटरला ३९० ग्रॅम, आणि ८२ ग्रॅम ओतलं. द्रावण ८५ टक्क्यांवर गेलं.

मजा म्हणजे ती खूश होती. पेलेट भलामोठा आला आणि जवळपास सगळी अ‍ॅक्टिव्हिटी त्यातच सापडली. पण स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी काढली तर ती अर्काएवढीच, कारण एन्झाइमबरोबर बाकीचं प्रोटीनही खाली बसलं होतं. पुढे ६० ते ८० च्या कटसाठी लिटरला १४० च्या हिशेबाने सॉल्ट घातलं, तर ते विरघळेचना, तळाला पांढरं साचून राहिलं. "सर, बाटलीच खराब आलीय." बाटली कशाला खराब असेल? हिशेबानेच १०० टक्क्यांच्या पुढे गेली होती ती. साठ-ऐंशीला सॉल्ट विरघळत नसेल तर आधीचा कट तपासा, दुकानदाराला फोन नंतर करा.

तिचं काम मात्र वाया गेलं नाही. असं खाली बसलेलं प्रोटीन बहुतेकदा मरत नाही. पेलेट थोड्या बफरमध्ये विरघळवला, रात्रभर डायलिसिस केलं आणि पुन्हा शून्यापासून कट घेतले. डायलिसिस न करता शून्य धरू नका; ओल्या पेलेटमध्ये भरपूर सॉल्ट अडकलेलं असतं.

दुसरी गोष्ट, आकारमान दर कटला नव्याने मोजा. मी प्रत्येक वेळी मेजरिंग सिलिंडरमध्ये ओततो आणि वहीत लिहितो. "साधारण दोनशेच असेल सर" हे उत्तर मला चालत नाही. तक्त्यावरचं तापमानही बघा. शून्य अंशाच्या तक्त्यात आकडे २५ अंशांच्या तक्त्यापेक्षा कमी असतात. बर्फात काम करायचं आणि आकडा २५ चा घ्यायचा, असं करू नका.

दुसऱ्याच्या पेपरमधले '३० ते ६०' हे आकडे जसेच्या तसे उचलणं हाही आळसच. प्रोटीन पातळ असेल तर ते बसायला जास्त सॅच्युरेशन लागतं. त्यामुळे तुमचा अर्क त्यांच्यापेक्षा पातळ असेल तर तुमचं एन्झाइम साठनंतरही वरच राहील. आधी दहा-दहा मिलिच्या नळ्यांत ३०, ४०, ५०, ६०, ७० अशी चाचणी घ्या आणि प्रत्येकाच्या वरच्या पाण्यात अ‍ॅक्टिव्हिटी बघा. एक दिवस जातो, पण महिना वाचतो. आणि एन्झाइम कुठे आहे हे कळेपर्यंत वरचं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही. हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय, तरी ओततात.

सॉल्ट घालताना खलात बारीक करून चिमूट-चिमूट घाला, आधीचं विरघळल्यावर पुढचं. खडे टाकले की त्यांच्याभोवती सॅच्युरेशन एकदम चढतं आणि नको ती प्रोटीनंही तिथेच बसतात. स्टररने फेस आणू नका. सगळं घालून झाल्यावर अर्धा तास तरी थंडीत ढवळू द्या.

सॉल्ट घातलं की पीएच उतरतो, म्हणून बफर किमान ५० मिलिमोलर ठेवा.

कृषी सेवा केंद्रातलं पोत्यातलं अमोनियम सल्फेट स्वस्त पडतं, पण ते उसासाठी आहे. त्यात धातूंची भेसळ असू शकते.

पेलेटमधलं प्रोटीन लोरीने मोजू नका, अमोनियम त्यात ढवळाढवळ करतं, ब्रॅडफोर्ड वापरा. डायलिसिसची पिशवी काठोकाठ भरू नका, पाणी आत शिरून ती फुगते आणि सकाळी बीकरमध्ये फुटलेली सापडते. सल्फेट संपलं का हे बेरियम क्लोराइडने तपासता येतं, पण बफर फॉस्फेटचा असेल तर तोही पांढरा साका देतो. तेव्हा थोडं पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घाला: फॉस्फेटचा साका विरघळतो, सल्फेटचा तसाच राहतो.