घरभाड्याची करसवलत: बँक स्टेटमेंटमधल्या नोंदी पुरावा म्हणून कशा लावाव्यात

पगारदारांचे गुंतवणुकीचे आणि भाड्याचे पुरावे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. दर जानेवारीत त्याच चुका समोर येतात आणि त्यांच्यामागे तेच सल्ले असतात: ‘पावत्या पुस्तकातून फाडून भरून टाक’, ‘एटीएममधून पैसे काढल्याचं दिसतंय, तेवढं पुरे’, ‘स्टेटमेंटवर पिवळा मार्कर फिरवला की झालं’. हे तिन्ही सल्ले विसरा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(१३ए) मध्ये घरभाडे भत्त्यावर सवलत मिळते ती प्रत्यक्ष भाडं दिलं असेल तरच. बँकेची नोंद पैसे गेल्याचं सांगते. ते भाडंच होतं, कुठल्या महिन्याचं होतं आणि कोणाला दिलं, हे तिच्या शेजारी तुम्हाला मांडावं लागतं.

सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. भाडेकरार, पावत्या आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन, एवढं हाताशी आहे असं धरून पुढे जातो.

स्टेटमेंट बँकेच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्येच उतरवा, १ एप्रिल ते ३१ मार्च पूर्ण. एक्सेल फाइल कोणालाही बदलता येते म्हणून ती देऊ नका, आणि पेमेंट अ‍ॅपचे स्क्रीनशॉट तर मुळीच नकोत. खातं कुणाचं हे पहिल्या पानावर दिसलं पाहिजे.

आता खरं काम, म्हणजे जुळवणी. इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून एक पूर्ण उदाहरण घेतो. आर्थिक वर्ष २०२४-२५, पुणे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ५०,०००, घरभाडे भत्ता महिना २०,०००. एप्रिल ते फेब्रुवारी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार: भाडं १८,०००, मेंटेनन्स वेगळा १,५००, डिपॉझिट ६०,०००. मार्चमध्ये दुसऱ्या फ्लॅटमध्ये, भाडं २०,०००. स्टेटमेंटमध्ये दिसतं ते असं:

```
05-04-2024 UPI/DR/409612345678/.../RENT APR 19,500.00
```

पहिली अडचण रकमेची. खात्यातून १९,५०० गेले, पण करारात भाडं १८,००० आहे. सवलतीला भाडंच धरायचं. मेंटेनन्स करारात वेगळा लिहिला असेल तर तो बाहेर. ‘नोंद तर १९,५०० ची आहे’ म्हणून तेवढा आकडा टाकणारे करारालाच खोटं पाडतात. पावती १८,००० ची घ्या आणि तक्त्यात लिहा: १९,५०० = भाडं १८,००० + मेंटेनन्स १,५००.

दुसरी अडचण नावाची. करार मालकाच्या नावावर, पण पैसे जातात त्यांच्या पत्नीच्या खात्यात, कारण दिलेला मोबाइल नंबर पत्नीचा. तपासणाऱ्याला स्टेटमेंटमध्ये भलतंच नाव दिसतं. यावर उपाय एकच: मालकाच्या सहीचं दोन ओळींचं पत्र, की अमुक घराचं भाडं माझ्या सांगण्यावरून अमुक खात्यात जमा होतं. हे पत्र घर सोडण्याआधी मागा. डिपॉझिट परत मिळाल्यावर मालक फोन उचलेलच याचा भरवसा धरू नका. क्रेडिट कार्डावरून अ‍ॅपमार्फत भाडं भरलं असेल तर नोंदीत अ‍ॅपचं नाव येतं. अशा वेळी रक्कम मालकाच्या खात्यात पोचल्याची अ‍ॅपची पावती दर महिन्याला जोडावी लागते.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड, आणि तिच्यावर कुठेच धड सल्ला मिळत नाही: ज्या महिन्यांची नोंदच नाही ते महिने. आपल्याकडे सर्रास शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करतात. आपल्या उदाहरणात एप्रिल ते डिसेंबर नऊ नोंदी आहेत, जानेवारी-फेब्रुवारी कोरे. म्हणून ते ३६,००० सोडून द्यायचे का? अजिबात नाही. भाडं दिलंय, फक्त आधी दिलेल्या पैशातून. पण साखळी दाखवावी लागते. मार्च २०२४ मध्ये ६०,००० डिपॉझिट गेल्याची नोंद (ती आधीच्या वर्षात आहे, म्हणून त्या महिन्याचंही स्टेटमेंट जोडा). मग मालकाची पावती: डिपॉझिटमधून जानेवारी-फेब्रुवारीचं भाडं ३६,००० आणि मेंटेनन्स ३,००० वळते केले, बाकी २१,००० परत. आणि तुमच्या खात्यात २१,००० जमा झाल्याची नोंद. ६०,००० मधून ३९,००० गेले, २१,००० उरले. हिशेब पैशापर्यंत जुळला की आक्षेपाला जागा राहत नाही. यातला परताव्याचा दुवा लोक हमखास विसरतात, कारण ती खर्चाची नोंद नसते. मालकाने तो परतावा रोखीत दिला तर साखळी तुटते, म्हणून बँकेतूनच मागा.

उलट चूकही तितकीच होते: मार्चमध्ये नव्या घराचं डिपॉझिट गेलं, तेही भाड्यात मिळवलं. डिपॉझिट म्हणजे भाडं नव्हे. नव्या घराचे फक्त २०,००० धरायचे.

तक्त्याला पाच रकाने पुरतात: भाड्याचा महिना, नोंदीची तारीख, व्यवहार क्रमांक, गेलेली रक्कम, त्यातलं भाडं. व्यवहार क्रमांक स्टेटमेंटमधून जसाच्या तसा उतरवा. ऑक्टोबरचे पैसे १०,००० आणि ९,५०० असे दोनदा गेले असतील तर दोन्ही क्रमांक एकाच महिन्यासमोर. पावतीची तारीख नोंदीच्या तारखेची किंवा नंतरची हवी. पैसे ५ तारखेला गेले आणि बाराही पावत्या १ तारखेच्या, हे पाहिलं की मी लगेच पुढची पानं उलटायला घेतो, आणि कर अधिकारीही तेच करेल.

बेरीज: १८,००० गुणिले ११ म्हणजे १,९८,०००, अधिक २०,०००, एकूण २,१८,०००. त्यातून पगाराच्या १० टक्के म्हणजे ६०,००० वजा, उरले १,५८,०००. मिळालेला भत्ता २,४०,०००. पुण्यासाठी त्या वर्षी लागू असलेली पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादाही २,४०,०००. तिन्हींत कमी ते करमुक्त, म्हणजे १,५८,०००. डिपॉझिटमधले ३६,००० सिद्ध करता आले नसते तर सवलत १,२२,००० वर आली असती.

रोखीबद्दल स्पष्टच सांगतो: एटीएममधून १८,००० काढल्याची नोंद हा भाड्याचा पुरावा नाही. पावतीला ती थोडा आधार देते, तीही दर महिन्याला त्याच सुमारास तेवढीच रक्कम निघत असेल तर. आईवडिलांना भाडं देत असाल तर रोख टाळाच. आईला रोखीने भाडं दिल्याचा दावा मुंबईच्या प्राप्तिकर अपीलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये फेटाळलाय, कारण पैसे दिल्याचा भरवशाचा पुरावाच नव्हता. घर त्यांच्या मालकीचं हवं, पैसे बँकेतून जायला हवेत, आणि त्यांनी ते उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवायला हवं. वडिलांच्या खात्यात ५ तारखेला गेलेले १८,००० जर ७ तारखेला तुमच्याकडे परत येत असतील, तर ते त्याच स्टेटमेंटमध्ये दोन ओळी खाली दिसतात. असा दावा करू नका.

भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूनेच कर कापून भरायचा असतो (१ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के). ज्या महिन्यात कापाल त्याच्या नोंदीतली रक्कम तेवढ्याने कमी दिसेल. त्या महिन्यासमोर हा कर भरल्याची पोच लावा.

कंपनीची मुदत जानेवारीत संपते आणि मार्चच्या नोंदी तोवर आलेल्या नसतात. असलेले महिने तेव्हा द्या. राहिलेल्यांची सवलत विवरणपत्र भरताना घेता येते, आणि हीच फाइल तेव्हा पूर्ण करून स्वतःजवळ ठेवायची.