निरोपाची यमकातली कविता बडबडगीत न होता कशी लिहायची

ऑफिसमधून कुणी चाललं की ग्रुपवर लगेच फर्मान निघतं, "अरे चार ओळी लिही ना, कार्डावर टाकू." मग जे लिहिलं जातं ते साधारण असं असतं:

मॅडम आमच्या किती छान,
ऑफिसची त्या होत्या शान,
आता त्या सोडून जाणार,
आठवण रोज येणार.

यात भावना खोटी नाहीये, पण चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला हे वाचून दाखवलं की शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटतं. बरेच जण म्हणतात की यमक आलं की असंच होणार, त्यापेक्षा मुक्तछंदात लिहा. मला हे अजिबात पटत नाही. दोष यमकाचा नाही, फुकट मिळालेल्या यमकाचा आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे जाणार-येणार, केलं-दिलं, राहतो-पाहतो ही यमकं न शोधताच हातात पडतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते बरोबर कळतं. पुढची ओळ काय येणार हे त्याला आधीच माहीत असतं. बालगीताची मजाच तिथे असते, मुलाला पुढचा शब्द ओळखता यावा म्हणून ते तसं बांधलेलं असतं. निरोपाला नेमकं उलटं हवं, शब्द आल्यावर वाटलं पाहिजे की अरे हो, हेच तर आहे त्यांचं.

एक उदाहरण धरून चालू. समजा अकाउंट्समधल्या मॅडम दुसऱ्या कंपनीत चालल्यात आणि कविता बारा ओळींची करायची आहे. त्याहून लांब नको, वाचायला अर्धा-पाऊण मिनिट पुरे, लोक हातात समोसा घेऊन उभे असतात.

आधी कविता नाही, यादी

कागदावर त्या माणसाबद्दलच्या फक्त डोळ्यांनी पाहिलेल्या किंवा कानांनी ऐकलेल्या गोष्टी लिहा. "खूप मनमिळाऊ" चालणार नाही, "मेहनती" पण नाही, कारण हे शब्द शेजारच्या डिपार्टमेंटमधल्या कुणालाही चिकटवता येतात. मॅडमची यादी अशी झाली: मार्च एंडला बाकीचे घरी गेले तरी पाच रुपयांचा फरक सापडेपर्यंत बसायच्या. व्हाउचर घेऊन गेलं की पहिलं वाक्य "बिल कुठे?", मग समोर साहेब का असेना. चहाच्या वर्गणीत पैसे कमी पडले की न बोलता स्वतःच्या पर्समधून टाकायच्या.

तीनच गोष्टी झाल्या, पण बारा ओळींना तीन पुरतात, एका कडव्याला एक. जास्त कोंबलं की ती सर्व्हिस बुकमधली नोंद वाटायला लागते.

आता या यादीतली आणि त्या कामाच्या आसपासची नामं वेगळी काढा: मार्च, रुपये, फरक, घोळ, व्हाउचर, बिल, साहेब, वर्गणी, तूट, सही, पेन. यमक यातूनच काढायचं, म्हणजे ते त्या माणसाच्या टेबलावरचं असतं, आयतं आणलेलं नसतं.

साचा: अष्टाक्षरी, आणि यमक एक ओळ सोडून

नवख्याला सगळ्यात सोपा साचा म्हणजे अष्टाक्षरी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. मात्रा मोजायच्या नाहीत, लघु-गुरू बघायचं नाही, फक्त लिहिलेली अक्षरं मोजायची आणि जोडाक्षर एकच धरायचं. "मार्च संपत आलेला" हे मा-र्च-सं-प-त-आ-ले-ला, आठ. अभंगाचा सहा-सहा-सहा-चारचा साचाही छान आहे पण त्यात लिहिलं की लगेच भक्तीचा सूर लागतो, आणि सहकाऱ्याच्या बाबतीत ते विडंबन वाटायला लागतं, म्हणून इथे नको.

यमक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला जुळवा. पहिली आणि तिसरी मोकळी सोडा. चारही ओळींना किंवा दोन-दोन ओळींच्या जोडीला यमक दिलं की दर आठ अक्षरांनी टाळी वाजल्यासारखं होतं. एक ओळ सोडून आलं की मधल्या ओळीत वाक्याला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि बोलल्यासारखं लिहिता येतं.

यमक कसं शोधायचं

"घोळ" घेतला. आता बाराखडी घेऊन बसायचं, मागचं "ओळ" तसंच ठेवायचं आणि पुढचं अक्षर बदलत जायचं: ओळ, खोळ, गोळ, टोळ, पोळ, बोळ. यातला बराचसा माल बिनकामाचा असतो, पण "ओळ" मिळाली की काम झालं, कारण हिशोबाच्या वहीत ओळी असतातच, त्या ओळी तपासणं हेच मॅडमचं काम. एक लक्षात ठेवा, नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळला पाहिजे. घोळ आणि ओळ जुळतात, घोळ आणि वेळ जुळत नाहीत, दोन्हींत ळ असला तरी.

दुसरं म्हणजे दोन्ही शब्द शक्यतो एकाच प्रत्ययाचे नकोत. नामाला नाम चालतं, नामाला क्रियापद तर फारच छान, कारण कान तिथे अंदाज बांधू शकत नाही. आणि काही जोड्या वर्षानुवर्षं कार्डांवर झिजून गेल्यात, साथ-हात, आठवण-साठवण, छान-शान, या आल्या की खोडा. आठवण-साठवण तर पहिल्या मिनिटात सुचतेच, आणि म्हणूनच ती नको.

पहिलं कडवं, खोडाखोडीसकट

पहिल्यांदा मनात आलेलं वाक्य असं होतं: मार्च संपत आला होता, पाच रुपयांचा होता घोळ. दुसरा भाग मोजला तर दहा अक्षरं. "होता" काढला की बरोबर आठ उरतात, आणि ओळ घट्टही होते. तसं तर अक्षरं कमी-जास्त करताना पहिला बळी "होता", "आहे", "असे" यांचाच द्यायचा. उलट अक्षरं कमी पडली की लोक "मज", "तव", "जाहला" असले शब्द घुसवतात, आणि ऑफिसच्या गोष्टीत ते आले की सगळंच नाटकी होतं. जो शब्द तुम्ही कँटीनमध्ये बोलणार नाही तो ओळीतही नको. अक्षर कमी पडलं तर "च", "ही", "मात्र" असे बोलण्यातले शब्द वापरा, पण अर्थाला जोर देत असतील तरच.

मार्च संपत आलेला,
पाच रुपयांचा घोळ;
बाकी सारे गेले घरी,
तुम्ही तपासता ओळ.

आता यात एक बारीक गोष्ट बघा जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आठ अक्षरं नेहमी चार-चारमध्ये तुटली की ठेका झोपाळ्यासारखा हलायला लागतो, आणि बडबडगीत तिथेच सुरू होतं, शब्द कितीही गंभीर असू देत. वर तिसरी ओळ चार-चारची आहे, पण दुसरी आणि चौथी दोन-चार-दोनची, पहिली दोन-तीन-तीनची. शब्दांची लांबी बदलली की ठेका मोडत नाही पण नाचतही नाही. तुमच्या कडव्यातले सगळेच शब्द दोन-दोन अक्षरांचे असतील तर एखादा तीन-चार अक्षरांचा शब्द आत आणा, लगेच फरक ऐकू येईल.

दुसरं कडवं: कौतुक शब्दात नाही, कृतीत

"बिल कुठे?" या प्रश्नाला
साहेबांनाही ना सूट;
चहाच्या वर्गणीतली
तुम्हीच भरली तूट.

"शिस्तप्रिय पण प्रेमळ" असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी तेच ऐकू जातं. आधी कडक बाजू आणि मग वर्गणी, हा क्रम उलटा केला तर शेवटी कडकपणा उरतो आणि निरोप कोरडा होतो. "तूट" हा अकाउंट्सचाच शब्द आहे, तो चहाच्या पैशांना लावला म्हणून गोड लागतो. दोन अर्थांचा असा एखादा धंद्यातला शब्द सापडला तर तो यमकाच्या जागी ठेवा, शेवटचा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो. एकच काळजी घ्या, अशी गोष्ट त्या माणसाने लपवून ठेवलेली नाही ना हे कुणा जवळच्याला आधी विचारा. पगार, तब्येत, घरचं, सोडून जाण्याचं कारण, साहेबांशी झालेली खटाखट, यातलं काहीच कवितेत नको. आणि कुणाला काढलं असेल तर "नवी भरारी" वगैरे तर मुळीच लिहू नका, ते फार लागतं.

तिसरं कडवं: पुढे काय

शेवटी शुभेच्छा द्यायचा मोह होतो, यशाची शिखरं वगैरे. त्यापेक्षा त्या गेल्यावर इथे काय बदलेल ते एका कृतीत सांगा:

आता सही करताना
थबकेल थोडं पेन;
"बिल कुठे?" हे स्वतःला
आधी मीच विचारेन.

पेन आणि विचारेन, नाम आणि क्रियापद. मधल्या कडव्यातलं वाक्य इथे परत आलंय पण आता ते बोलणारा बदललाय, त्यांची सवय आमच्याकडे राहिली हे त्यातून कळतं. शुभेच्छा कविता संपल्यावर साध्या गद्यात तोंडी द्या. इथे "मी" आहे, म्हणजे एकानेच वाचायची कविता आहे. कार्डावर सगळ्यांच्या सह्या असतील तर शेवटच्या दोन ओळी "आम्ही" धरून पुन्हा बांधाव्या लागतील, नुसता शब्द बदलला तर "विचारू" होतं आणि यमक जातं. आणि मॅडमना रोज "तुम्ही" म्हणत असाल तर कवितेतही "तुम्ही"च, लाडात येऊन "तू" नको. तसंच रोज "तू" म्हणणाऱ्या मित्राला "आपण" लिहिलं की तो परका होतो.

वाचून बघणं

लिहून झालं की मोठ्याने वाचा, पण ओळीच्या शेवटी न थांबता, वाक्य जिथे संपतं तिथे थांबून. "प्रश्नाला" नंतर थांबायचं नाही, सरळ "साहेबांनाही ना सूट"पर्यंत जायचं. असं वाचल्यावर साधं मराठी बोलणं ऐकू आलं तर जमलं. शब्द उलटेसुलटे वाटले, म्हणजे यमकासाठी कर्ता शेवटी फेकलाय वगैरे, तर ती ओळ पुन्हा करा. मग कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला पहिल्यांदाच वाचू द्या, तो जिथे अडखळेल तिथे बहुतेक अक्षर जास्त असतं. इंग्रजी शब्दांनी हे फार होतं, "व्हाउचर" कागदावर चार अक्षरं आहे पण तोंडात तीनच वाटतात, म्हणून असे शब्द मोजून बसले तरी कानाने तपासावे लागतात, शंका आली तर सरळ "बिल" लिहावं.

कार्डावर उतरवताना चार-चार ओळींची तीन कडवी सुटी ठेवा, मध्ये एक रिकामी ओळ. उद्गारचिन्हं आणि फुलांचे इमोजी काढून टाका, आणि कार्यक्रमात वाचणार असाल तर यमकाच्या शब्दावर आवाज चढवू नका, बाकीच्या शब्दांसारखाच तो म्हणा.