जर्मनीला नर्स म्हणून जाताय? भाषा आणि कुटुंब, दोन्हींचं एकच वेळापत्रक कसं मांडावं

महाराष्ट्रातल्या नर्सेसना जर्मनीतल्या रुग्णालयांत पाठवणं हे माझं काम. उमेदवाराशी शेवटची मोठी बैठक होते तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. जर्मन किती लागेल? आणि घरच्यांना कधी नेता येईल? बहुतेक जण हे प्रश्न वेगवेगळे विचारतात, आणि आमच्या व्यवसायातले लोकही वेगवेगळी उत्तरं देऊन मोकळे होतात. खरं तर दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं असतं.

लातूरच्या एका सिस्टरचं उदाहरण घेते. जीएनएम, सात वर्षांचा अनुभव, नवरा खासगी नोकरीत, मुलगा पाच वर्षांचा. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या एका रुग्णालयाचं पत्र हातात. “मॅडम, जर्मनची बी-वन पातळी झाली की आम्ही तिघं एकदमच निघू ना?” नाही. का नाही, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १: बी-वन आणि बी-टू यांच्यातला फरक विचारून घ्या

बी-वनवर सहसा व्हिसा मिळतो. तो पात्रतेला मान्यता मिळवण्यासाठीचा असतो. या काळात तुम्ही सहायक म्हणून काम करता आणि पगारही सहायकाचाच असतो. पूर्ण नर्स म्हणून परवाना (तिथे त्याला ‘ऊर्कुंडे’ म्हणतात) मिळवायला बहुतेक राज्यांत बी-टू, म्हणजे त्यावरची पातळी लागते. त्याशिवाय तुमच्या अभ्यासक्रमात कमी पडलेला भाग भरून काढण्यासाठी ज्ञानपरीक्षा द्यावी लागते किंवा ठरावीक काळाचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

म्हणून रिक्रूटरला नेमकं असं विचारा: बी-टूचा वर्ग तिथे गेल्यावर कोण घेणार, कामाच्या वेळेत की ड्यूटी संपल्यावर, आणि पहिल्यांदा नापास झाले तर पुढे काय? गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन आणि बी-टू परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात ६० टक्के लागतात आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. आमच्याकडच्या मुली बहुधा श्रवणात अडकतात. व्याकरण पाठ असतं, पण कानाला सवय नसते.

आणि खरी परीक्षा वॉर्डातच होते. तिथली श्वेबिश बोली बोलणारे आजोबा ‘फूस’ दुखतो म्हणाले तर पुस्तकाप्रमाणे तो पाऊल, पण त्यांच्या बोलीत मांडीपासून खालचा सगळा पाय. ‘हेबेन’ म्हणजे पुस्तकात उचलणं, तिथे मात्र धरून ठेवणं. रुग्णाला तोल सावरायला आधार हवा असतो आणि नवी सिस्टर त्याला उचलायला जाते! त्यामुळे कोणत्या गावात, कोणत्या वॉर्डात जाणार ते आधीच विचारा. शिफ्ट बदलताना तोंडी माहिती द्यायची असते, नोंदी लिहायच्या असतात, फोन घ्यायचे असतात. पहिले काही आठवडे जोडीला कोण असेल, हेही विचारून ठेवा.

पायरी २: भाषेचा खर्च आणि बंधन लेखी घ्या

क्लासचे पैसे रुग्णालय देणार असेल तर बहुधा करारात एक कलम असतं: इतके महिने नोकरी सोडायची नाही, सोडलीत तर खर्च परत. हे कलम असण्यात गैर काही नाही. पाहायचं ते हे, की एकूण रक्कम आकड्यात लिहिली आहे का, दर महिन्याला ती कमी होत जाते का, आणि परीक्षेत नापास झाल्यामुळे नोकरी गेली तर परतफेड कुणी करायची. “ते आपण नंतर बघू” असं उत्तर आलं तर सही करू नका.

एजंट भारत सरकारकडे नोंदणीकृत आहे का ते emigrate.gov.in वर दिसतं. नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. ‘फॅमिली पॅकेज’च्या नावाखाली लाखभर मागणाऱ्याकडून उठून या.

पायरी ३: कुटुंबाची तारीख मुलाच्या शाळेपासून मागे मोजा

आता लातूरच्या सिस्टरचं वेळापत्रक. बी-वन घेऊन सप्टेंबरमध्ये प्रस्थान. बी-टूला सहा-सात महिने, म्हणजे पुढचा मार्च-एप्रिल. मग ज्ञानपरीक्षेची तयारी आणि परीक्षा. सगळं सुरळीत झालं तरी परवाना हातात यायला वर्ष-सव्वा वर्ष. कुटुंबाला नेण्याचे दोन रस्ते असतात.

पहिला: परवाना मिळून कुशल कामगाराचं निवासपत्र झाल्यावर नवऱ्याने आणि मुलाने अर्ज करायचा. तेव्हा पगार पूर्ण असतो आणि नवऱ्यासाठी ए-वन, म्हणजे सुरुवातीच्या पातळीच्या जर्मनची अटही गळून पडते. दुसरा: मान्यतेच्या काळातच बोलावणं. त्याला नवऱ्याचं ए-वन प्रमाणपत्र, सहायकाच्या पगारात तिघांचा निर्वाह भागतो याचा पुरावा आणि पुरेसं घर लागतं. घराचा सर्वसाधारण हिशोब असा: सहा वर्षांवरच्या माणसाला १२ चौरस मीटर, त्याखालच्या मुलाला १०. म्हणजे या तिघांना ३४. रुग्णालय देतं ती वसतिगृहातली एकटीची खोली. म्हणून ‘राहण्याची सोय आहे’ या वाक्याला भुलू नका. कुटुंबासाठी घर शोधून देणार का, अनामत रक्कम कोण भरणार, हे विचारा.

मुलाचं असं, की बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झाली की त्याच सप्टेंबरपासून शाळा सक्तीची. सरकारी शाळेला फी नाही, आणि जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारी वर्ग असतात. बालवाडीची जागा मात्र सहज मिळत नाही. आईची शिफ्ट सकाळी सहाची आणि घरात दुसरं कुणी नाही, असं चित्र असेल तर बाळाला आधी नेण्याचा हट्ट सोडलेला बरा.

या सिस्टरने पहिला रस्ता निवडला. तरी नवऱ्याला मी ए-वनला बसवलंच. पत्नीमागे गेलेल्याला तिथे नोकरी करायची मुभा असते, पण जर्मन न येणाऱ्याला काम देतं कोण? तो कमावत नाही तोवर सरकारी आरोग्य विम्यात पत्नीच्या हप्त्यातच त्याचा आणि मुलाचा विमा होतो. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि उगाच वेगळी पॉलिसी काढतात.

पायरी ४: कागदांवरचं नाव आजच जुळवा

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. जीएनएमचं प्रमाणपत्र आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पाळण्यातलं नाव. आपल्याकडे हे घरोघरी असतं, जर्मन अधिकाऱ्याला मात्र त्यात तीन बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला, लागलं तर नावबदलाचं राजपत्र आणि जन्मदाखल्यातली दुरुस्ती, हे सगळं जाण्यापूर्वी करा, कारण तिथून ग्रामपंचायतीत खेटे घालणार कोण?

शिवाय अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा भारत सरकारचा शिक्का, जर्मनी मानत नाही. विवाह आणि जन्माचे दाखले खरे आहेत का, हे जर्मन दूतावास गावी वकील पाठवून तपासून घेऊ शकतो, आणि त्यात काही महिने जातात. या सिस्टरच्या मुलाच्या दाखल्यात आईचं नाव ‘सौ.’ लावून लिहिलेलं निघालं. ते दुरुस्त करायला सात आठवडे लागले. तेवढ्यात तिचा परीक्षेतला श्रवणाचा भाग सुटला.