अहवालाच्या फोटोंवरून स्नेहसंमेलनाचे भाषण: उपलब्धींचा क्रम कसा लावावा

शाळेत नव्याने रुजू झालेल्या मराठीच्या शिक्षकाकडे वार्षिक स्नेहसंमेलनातील अहवालवाचनाचे भाषण बहुतेक वेळा न सांगता येते. हाती येतात ते वार्षिक अहवालातील ठळक पानांचे मोबाईलवर काढलेले फोटो आणि ‘सहा-सात मिनिटांत बसवा’ एवढीच सूचना. हे काम मी अनेक वर्षे केले आहे. भाषेच्या सजावटीपेक्षा त्यात दोनच गोष्टी निर्णायक ठरतात, असे माझे ठाम मत आहे: फोटोतून उतरवलेली माहिती अचूक असणे आणि उपलब्धींचा क्रम ऐकणाऱ्याच्या दृष्टीने लावलेला असणे.

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवले की त्यांचा दर्जा कमी होतो, त्यामुळे ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावेत. ते पानांच्या क्रमानेच आले असतील असे गृहीत धरू नये. प्रत्येक फोटोतील पृष्ठक्रमांक पाहून आधी क्रम लावावा आणि मधले पान गहाळ असेल तर लगेच मागून घ्यावे. तक्ता दोन पानांवर पसरलेला असेल तर रकान्यांची शीर्षके पहिल्या पानावर राहतात, आणि दुसऱ्या पानाच्या फोटोत नुसते आकडे दिसतात. तिथे ‘बसलेले’ आणि ‘उत्तीर्ण’ यांची अदलाबदल सहज होते. बांधणीजवळ पान वाकल्यामुळे शेवटचे अक्षर सावलीत जाते, आणि पुसट छपाईत १ व ९ हे अंक एकमेकांसारखे दिसतात.

अशा वेळी अंदाज बांधण्याऐवजी आकड्यांचीच एकमेकांशी पडताळणी करावी. समजा, दहावीच्या निकालाच्या पानावर ८७ विद्यार्थी बसले, ८४ उत्तीर्ण झाले आणि निकाल ९६.५५ टक्के लागला असे दिसते. ८४ ला ८७ ने भागून शंभरने गुणले की ९६.५५ येतात, म्हणजे तिन्ही आकडे जुळले. आता श्रेणी पाहू: विशेष प्रावीण्य ३१, प्रथम श्रेणी ३६, द्वितीय श्रेणी १४ आणि उत्तीर्ण श्रेणी ३. बेरीज ८४ आली, तर वाचन बरोबर आहे. ३१ च्या जागी ३९ वाचले गेले असते, तर बेरीज ९२ झाली असती आणि चूक तिथेच उघडी पडली असती. नावांची अशी पडताळणी करता येत नाही. अनुस्वार किंवा वेलांटी अस्पष्ट असेल तर वर्गशिक्षकांच्या हजेरीपटावरून नाव तपासावे, कारण ते मूल आणि त्याचे पालक सभागृहात बसलेले असतात.

माहिती उतरवताना प्रत्येक नोंदीपुढे फोटोचा क्रमांक आणि शैक्षणिक वर्ष लिहावे. वर्ष लिहिण्याचे कारण असे की संमेलन बहुधा डिसेंबर-जानेवारीत होते. तेव्हा सांगितला जाणारा दहावीचा निकाल शाळा सोडून गेलेल्या तुकडीचा असतो, आणि मैदानी स्पर्धांतील यश मात्र समोर बसलेल्या मुलांचे. भाषणात ‘गेल्या शैक्षणिक वर्षात’ आणि ‘यंदा’ हे शब्द नेमक्या जागी आले नाहीत, तर दोन वर्षांची सरमिसळ होते.

आता मुख्य प्रश्न क्रमाचा. छापील अहवाल विभागवार किंवा महिनावार असतो, कारण तो नोंदीसाठी केलेला असतो. वाचणारा पान उलटून हवे ते शोधू शकतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. म्हणून मी आधी मोठे गट पाडतो: परीक्षांचे निकाल, स्पर्धा परीक्षा, क्रीडा, विज्ञान व कला, आणि शेवटी शाळेचे उपक्रम व शिक्षकांचे सन्मान. निकाल सुरुवातीला घेण्याचे कारण साधे आहे: पालक त्याचीच वाट पाहत असतात, आणि तो येईपर्यंत इतर गोष्टींकडे त्यांचे लक्ष लागत नाही.

गटाच्या आत आधी स्तर, मग क्रमांक आणि मग संख्या असा निकष ठेवावा. मात्र तो डोळे झाकून लावला की फसगत होते. एका अहवालात पुढील नोंदी आहेत असे समजू: ऑगस्टमध्ये चौदा वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ तालुक्यात प्रथम, सप्टेंबरमध्ये तोच संघ जिल्ह्यात प्रथम, ऑक्टोबरमध्ये विभागीय स्पर्धेत सहभाग, विज्ञान प्रदर्शनात एक उपकरण जिल्ह्यात द्वितीय, राज्यस्तरीय चित्रकला स्पर्धेत ११२ विद्यार्थ्यांचा सहभाग, वक्तृत्व स्पर्धेत ‘उज्ज्वल यश’.

केवळ स्तर पाहिला तर चित्रकला सर्वांत वर जाईल. पण ती स्पर्धा प्रवेशशुल्क भरणाऱ्या कोणालाही खुली असेल, तर तो सहभाग आहे, निवड नव्हे. याउलट कबड्डीतील ‘सहभाग’ दोन स्तर जिंकून मिळवलेला आहे. एकच शब्द दोन ठिकाणी इतक्या वेगळ्या वजनाचा असतो. त्यामुळे प्रत्येक सहभागामागे निवडफेरी होती का, हे संबंधित शिक्षकांना विचारल्याशिवाय क्रम पक्का करू नये. ‘उज्ज्वल यश’ या नोंदीचेही तसेच: क्रमांक, उत्तेजनार्थ बक्षीस की प्रमाणपत्र, हे विचारून लिहावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ती नोंद भाषणातून वगळावी.

कबड्डीच्या तीन नोंदी प्रत्यक्षात एकाच वाटचालीच्या आहेत. त्या सुट्या वाचल्या तर प्रथम, प्रथम आणि मग नुसता सहभाग अशी उतरण ऐकू येते. एकत्र केल्या की चढण ऐकू येते: ‘यंदा आपल्या चौदा वर्षांखालील मुलींच्या कबड्डी संघाने तालुका आणि जिल्हा या दोन्ही स्तरांवर प्रथम क्रमांक मिळवला आणि विभागीय स्पर्धेत जिल्ह्याचे प्रतिनिधित्व केले.’ हे वाक्य क्रीडा गटाच्या अग्रभागी ठेवतो. विज्ञान व कला या गटात उपकरणाचा द्वितीय क्रमांक आधी येतो आणि चित्रकला शेवटी, तीही संख्येला महत्त्व देऊन: ‘११२ विद्यार्थ्यांनी राज्यस्तरीय चित्रकला स्पर्धेत आपली चित्रे पाठवली.’ यात खोटा मोठेपणा नाही आणि मुलांचा उत्साहही झाकला जात नाही.

समारंभातल्या संथ वाचनात मी मिनिटाला साधारण शंभर शब्द धरतो, म्हणजे सात मिनिटांना सातशे शब्द, आणि त्यातून टाळ्यांचा वेळ वजा करायचा. त्यामुळे सगळी नावे भाषणात बसत नाहीत. बक्षीस समारंभात जी नावे पुकारली जाणार आहेत, ती भाषणात पुन्हा घेऊ नयेत. भाषणात शाळेत प्रथम आलेल्या विद्यार्थ्याचे नाव, संघाचे नाव आणि बाकीच्यांची संख्या पुरे. मात्र एका गटात नावे घेतली आणि दुसऱ्यात नुसती संख्या सांगितली, असे होऊ देऊ नये. असा भेद मुलांना फार लवकर कळतो आणि लागतो.

वाचनप्रतीत टक्केवारी अक्षरांत लिहावी. ‘९६.५५’ पाहून वाचणारा क्षणभर थबकतो. ‘शहाण्णव पूर्णांक पंचावन्न’ असे लिहिले की ओघ राहतो. वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नये आणि प्रत्येक गट नव्या परिच्छेदाने सुरू करावा. फोटोंचे क्रमांक समासात असलेली प्रत मुख्याध्यापकांना तपासायला द्यावी, म्हणजे शंका आलेला आकडा त्यांना लगेच मूळ पानावर पाहता येतो. त्यांच्या दुरुस्त्या आल्यावरच समास कोरा असलेली वाचनप्रत छापावी.